नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

वाचकहो, बारशाला आपण बाळाचे नाव ठेवतो आणि शेजाऱ्याच्या स्वयंपाकाला नावे ठेवतो. या दोन क्रियांत अंतर आहे ते केवळ एका मात्रेचे. मित्रामित्रांत पडणारी टोपणनावे याच मात्रेच्या अलीकडे-पलीकडे वावरत असतात. प्रेमाने ठेवलेले नाव कोणत्या क्षणी नावे ठेवण्यात जमा होते, हे ठेवणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते. म्हणून आजचा लेख रक्तदाबावर किंवा मधुमेहावर नसून माझ्या हातून घडलेल्या एका चुकीवर आहे. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांना ती उपयोगी पडेल, असे वाटते.

माझा दवाखाना डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेला आहे. महालक्ष्मीचे देऊळ येथून हाकेच्या अंतरावर. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस येथे जत्रा भरते, तेव्हा गावाला श्वास घ्यायलाही सवड नसते. एरवी संध्याकाळी रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीवर गावातील चार-पाच वृद्ध मित्र जमतात. त्यांतील एकाला सारा गाव ‘रेडिओ’ म्हणत असे. येथे मी त्यांना त्याच नावाने संबोधणार आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि हे लिहिण्यास त्यांची व त्यांच्या पत्नीची संमती आहे.

रेडिओ हे नाव त्यांना बाराव्या वर्षी पडले. तेव्हा आसपासच्या वस्तीत एकच रेडिओ होता. हा मुलगा तेथे उभा राहून बातम्या ऐकायचा आणि शाळेत येऊन निवेदकाच्याच सुरात त्या म्हणून दाखवायचा. पुढे ते नोकरीला लागले, निवृत्त झाले, तरी नाव गेले नाही, कारण बोलणेही कमी झाले नाही. कोणाची सोयरीक कुठे जुळली, चिकूला काय भाव मिळाला, कोणत्या गाडीला उशीर झाला, हे सारे त्यांच्याकडून कळायचे. दवाखान्यात ते आले की मीही विचारायचो, “काय रेडिओ, आजच्या ठळक बातम्या?” आणि ते घसा खाकरून सुरू व्हायचे.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, एके रात्री त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि तोंड वाकडे झाले. घरच्यांना वाटले, थकवा असेल, सकाळपर्यंत उतरेल. सकाळी त्यांना वापीला नेले, तोवर मेंदूतील गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. हे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जीव वाचला, पाय बराचसा सुधारला, पण बोलणे गेले. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळांच्या बाबतीत असे होते. याला वाचाघात म्हणतात.

तीन आठवड्यांनी ते मुलाच्या खांद्याचा आधार घेत माझ्यासमोर येऊन बसले. त्यांना हसवावे, धीर द्यावा, या हेतूने मी म्हणालो, “काय रेडिओ, आज स्टेशन लागत नाही वाटतं?”

मुलगा हसला. मीही हसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मग हळूच मान वळवून खिडकीकडे तोंड केले. तपासणी संपेपर्यंत ती मान परत वळली नाही.

टोपणनाव पडते कसे?

त्या मानेचा अर्थ कळायला मला पुष्कळ दिवस लागले. तो सांगण्यापूर्वी मराठीत टोपणनावे कशी घडतात, हे थोडे पाहावे लागेल, कारण बोचण्याचे बीज घडण्यातच असते.

पहिली रीत अगदी सोपी आहे. मूळ नाव आखूड करायचे आणि शेवटी ‘या’ लावायचा. प्रकाशचा पक्या होतो, सुरेशचा सुऱ्या, मनोहरचा मन्या, शंकरचा शंकऱ्या. मुलींच्या नावांना ‘ई’ लागते आणि हाकेत तिचा ‘ए’ होतो. सुमनची सुमी, आणि विहिरीवरून हाक मारायची तर “सुमे!” या नावांत माणसाविषयी काहीच म्हटलेले नसते. तो काळा की गोरा, शहाणा की वेडा, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. त्यांत फक्त नाते असते. ‘पक्या’ म्हणणारा इतकेच सांगत असतो की, तू आणि मी एकाच वाड्यात वाढलो आणि तुला अरे-तुरे करण्याचा माझा हक्क अजून शाबूत आहे.

दुसरी रीतही त्याच ‘या’ची आहे, पण तो लागतो शरीराला. जाड्या, काळ्या, लंगड्या, टकल्या, ढापण्या. प्रत्यय तोच, सूरही पुष्कळदा तोच, म्हणून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात. वस्तुतः पहिला ‘या’ नात्याला चिकटलेला असतो आणि दुसरा देहाला.

तिसरी रीत प्रसंगाची किंवा गुणाची. आमचा रेडिओ यातलाच. त्याच टपरीवर एक ‘मास्तर’ आहेत, ज्यांनी आयुष्यात कधी शिकविले नाही, फक्त शाळेत असताना गुरुजींच्या गैरहजेरीत एकदा छडी हाती घेतली होती. एक ‘शेठ’ आहेत, ते त्या वर्गातले सर्वांत गरीब. अशी उलटी नावे ठेवण्यात मराठी माणसाला विशेष रस असतो.

येथे आमच्या भागापुरती एक सावधगिरी सांगितली पाहिजे. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर नुसता ‘या’ ऐकून टोपणनाव ठरवू नये. येथे मूल ज्या वारी जन्मले त्यावरून सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशी नावे ठेवण्याची पद्धत आहे. वारली चित्रकलेला जगभर नेणारे गंजाडचे कलावंत जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती ‘जिव्या’ या नावानेच. १९७७ साली डहाणूतून लोकसभेवर निवडून गेलेल्या खासदारांचे नाव होते लहानू शिडवा कोम. मी येथे नवा असताना अशाच नावाच्या एका वृद्ध रुग्णाला म्हणालो होतो, “आजोबा, हे घरातलं झालं, आता कागदावरचं खरं नाव सांगा.” ते शांतपणे म्हणाले, “हेच खरं.” ज्याला मी लाडाचे नाव समजत होतो ते त्यांच्या बापाने विधिपूर्वक ठेवलेले नाव होते. खरे नाव खोटे ठरविणे हेही एक प्रकारचे बोचणेच आहे आणि दवाखाने, कचेऱ्या व शाळा यांतून ते सहजपणे घडत असते.

ते चिकटते का?

ठेवलेली बहुतेक नावे महिन्याभरात विरून जातात. टिकतात ती दोन कारणांनी. एक, ते नाव हाकेला सोपे असते. दोन किंवा तीन अक्षरे, शेवटी लांबविता येणारा स्वर, म्हणजे शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत पोहोचणारे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ज्यांनी ते ठेवले ती मंडळी पुढेही भेटत राहतात. रोज भेटणाऱ्या पाच जणांनी चाळीस वर्षे एक नाव वापरले की मूळ नाव रेशनकार्डापुरते उरते.

मोठ्या माणसांनाही हे चुकलेले नाही. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव होते, पण घरात ‘बाळ’ म्हणत आणि इतिहासात राहिले ते बाळ गंगाधर. विनायक नरहर भावे यांना आई ‘विन्या’ म्हणे. पुढे त्याचे ‘विनोबा’ झाले आणि तेच जगाच्या ओठी बसले. मुरलीधर देवीदास आमटे यांना ‘बाबा’ हे नाव कुष्ठरोग्यांच्या सेवेमुळे मिळाले, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात आईवडीलच त्यांना लहानपणापासून बाबा म्हणत. ही तिन्ही नावे पाहा. त्यांत व्यंग नाही, वर्णन नाही. ती नात्यातून आलेली आहेत, म्हणून आयुष्यभर अंगाला लागली नाहीत.

चिकटण्याचा एक वैद्यकीय पैलूही आहे. स्मृतिभ्रंशात आधी अलीकडच्या आठवणी पुसल्या जातात आणि बालपणीच्या पुष्कळ काळ तग धरतात. सुनेचे नाव विसरलेली, ‘आई’ म्हटले तरी न वळणारी आजी “सुमे!” म्हटल्यावर चटकन मान वर करते, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. ‘आई’, ‘आजी’ ही तिला नंतरच्या आयुष्याने दिलेली नावे. सुमी ती त्याआधीपासून होती. म्हणून घरातील वृद्ध व्यक्तीला लहानपणी मित्रमैत्रिणी काय म्हणत, हे वेळीच विचारून लिहून ठेवावे. सांगणारी माणसे एकेक करून निघून जात असतात. मात्र एक भेद ध्यानात असू द्या. हळूहळू विसरणे वेगळे आणि कालपर्यंत नीट ओ देणारा माणूस आज अचानक आपल्याच नावाला ओ देईनासा होणे वेगळे. तसे झाल्यास जंतुसंसर्ग, साखर उतरणे, औषधाचा परिणाम किंवा पक्षाघात यांपैकी काही असू शकते. तेव्हा टोपणनावाचा प्रयोग करीत न बसता त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

मग ते बोचते केव्हा?

आता रेडिओंकडे परत येऊ. माझ्या त्या विनोदानंतर ते टपरीवर एकदाच गेले. तेथे शेठांनीही तसेच काही म्हटले. “रेडिओची बॅटरी उतरली रे,” असे. सारे हसले. त्यानंतर रोज संध्याकाळी पाच वाजता ते डोळे मिटून पडू लागले. मित्र घरी आले की झोपेचे सोंग घेत. जेवण कमी झाले. डाव्या हाताने करायचा व्यायाम सोडला. घरच्यांच्या मते हा हट्ट होता. माझ्या मनात नैराश्य आले, आणि ते चूक नव्हते. पक्षाघातानंतर साधारण तिघांतील एकाला नैराश्य गाठते आणि ते उपचारांनी बरे होते. त्यांना मी औषध सुरू केले. झोप व जेवण सुधारले, पण पाच वाजता डोळे मिटणे काही थांबेना.

ते कोडे त्यांच्या पत्नीने सोडविले. ती म्हणाली, “डॉक्टर, त्यांना सगळं समजतं. फक्त देता येत नाही.”

या एका वाक्यात वाचाघाताचे सारे शास्त्र आले. त्याचा जो प्रकार त्यांना झाला होता त्यात ऐकलेले बहुतांशी कळते. अडतो तो शब्द बाहेर काढण्याचा मार्ग. म्हणजे आमचा विनोद त्यांच्यापर्यंत पूर्ण पोहोचत होता आणि उत्तर मात्र त्यांच्या आत अडकून पडत होते.

मित्रांतील टोपणनावाला परतफेड लागते, वाचकहो. तू मला रेडिओ म्हण, मी तुला शेठ म्हणतो, असा तो देण्याघेण्याचा व्यवहार असतो. साठ वर्षे रेडिओंनी तो चोख सांभाळला होता. त्या दिवसापासून फक्त घेणे उरले आणि देणे संपले. ज्याला उलटून बोलता येत नाही त्याची थट्टा केली की ती थट्टा राहत नाही, मग शब्द तेच असोत आणि मने तीच असोत.

दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म होती. ‘रेडिओ’ हे नाव त्यांच्या बोलण्यावर उभे होते. ते नाव म्हणजे त्यांचा अभिमान होता. पाया खचला आणि नाव तसेच उभे राहिले, तेव्हा प्रत्येक हाक गेलेल्या गोष्टीची आठवण करून देऊ लागली. तरुणपणी ‘पैलवान’ म्हटलेला माणूस कर्करोगाने वाळतो तेव्हा, ‘केशरबाई’ म्हणून मैत्रिणींनी चिडविलेल्या लांब केसांच्या बाईचे केस औषधांनी गळतात तेव्हा, हेच घडते. नाव जन्मभर चालले, म्हणून आजही चालेल, हा आपला हिशेब येथे चुकतो. नाव बदललेले नसते. ज्यावर ते बेतले होते तो देह बदललेला असतो. आणि म्हातारपणात देह बदलल्यावाचून राहत नाही. नावाला लागलेला ‘या’ म्हणून सुरक्षित. देहाला लागलेला ‘या’ तरुणपणी हसण्यावारी जातो, पण पुढे कधी ना कधी जाब विचारतो.

बोचले आहे, हे ओळखावे कसे?

बोचलेला माणूस ते सांगत नाही. सांगितले तर “एवढंही सहन होत नाही का?” असे ऐकावे लागेल, ही भीती असते. म्हणून खुणा पाहाव्या लागतात. हसू उशिरा येते आणि डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. नाव उच्चारताच माणूस कपबशी, चष्मा, धोतराचा सोगा अशा कशात तरी गुंततो. ठरावीक व्यक्ती येताच उठून जातो किंवा झोपतो. घरी नातवंडांसमोर ते नाव घेतले की चिडतो, एरवी चिडत नसला तरी. यांतील एखादी खूण एकदा दिसली तर विशेष नाही. पण त्याच नावाच्या वेळी ती पुनःपुन्हा दिसली तर समजावे.

मग सरळ विचारावे. बोलता येत असेल त्याला एकांतात विचारावे, मित्रांसमोर नव्हे. बोलता येत नसेल तर प्रश्न असा असावा की उत्तर बोटाने देता येईल. मी पुढच्या भेटीत तीन चिठ्ठ्या केल्या. एकीवर ‘रेडिओ’, दुसरीवर त्यांच्या नावाला ‘या’ लावून झालेली बालपणीची हाक, तिसरीवर ‘राव’ लावलेले पूर्ण नाव. अक्षरे ठळक ठेवली. एकेक चिठ्ठी वाचून दाखविली आणि घाई न करता थांबलो. वाचाघातात उत्तराला वेळ लागतो. आपण मधेच दुसरा प्रश्न टाकला की पहिल्याचे उत्तर हरवते. “मित्रांनी काय म्हणावं?” या प्रश्नाला त्यांनी डावे बोट ‘या’च्या चिठ्ठीवर ठेवले. “आणि मी?” असे विचारल्यावर ते बोट ‘राव’कडे सरकले. ‘रेडिओ’ची चिठ्ठी त्यांनी उलटी करून ठेवली.

मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, इतकेच.

घरच्यांनी आणि मित्रांनी काय करावे?

शेठांना मी दवाखान्यात बोलावून हे सांगितले. त्यांना वाईट वाटले. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “मला शेठ म्हणायचे ना, तेव्हा घरावर कर्ज होतं. मीही कधी बोललो नाही.” म्हणजे त्या टपरीवर साठ वर्षे हसत-हसत दोघे जण एकेक काटा बाळगून होते. एकाचा लवकर रुतला, दुसऱ्याचा उशिरा. मी त्यांना दोनच गोष्टी सुचविल्या. नाव बदला आणि भेटणे थांबवू नका. टपरीवर नको, घरी जा. पाच जण नको, एकटे जा. आणि आजाराविषयी न बोलता नेहमीसारखे आपले सांगत राहा.

शेठ रोज जाऊ लागले. नावाला ‘या’ लावून हाक मारायचे, चिकूचा भाव सांगायचे आणि निघायचे. सोळा-सतरा दिवसांनी निघताना त्यांनी मागे वळून पाहिले, तर पलंगावरून स्पष्ट शब्द आला, “शेठ!”

आजारानंतरचा तो त्यांचा पहिला स्पष्ट शब्द. याला चमत्कार समजू नये. वाचाघातात मुद्दाम जुळवावी लागणारी वाक्ये अडतात, पण आयुष्यभर घोळलेले शब्द, आकडे मोजणे, नमस्कार, अभंग, शिव्यासुद्धा, कधीकधी आपोआप बाहेर पडतात. साठ वर्षे रोज मारलेली हाक अशाच शब्दांत मोडते. त्यावरून सारे बोलणे परत येईल, असे मात्र मानता येत नाही, आणि त्यांचे तसे आलेही नाही. आज ते पाच-पंचवीस शब्द बोलतात. वाणीतज्ज्ञांकडून शिकलेले व्यायाम पत्नी रोज करून घेते. पण त्या दिवशी देण्याघेण्याचा व्यवहार पुन्हा सुरू झाला, हे खरे. शेठ मला म्हणाले, “डॉक्टर, आता तो मला शेठच म्हणू दे. आता नाही लागत.” एकच नाव एकाला नकोसे आणि दुसऱ्याला हवेसे होऊ शकते. म्हणून ठरविणारा नेहमी ज्याचे नाव आहे तोच असावा.

घरच्यांसाठी आणखी एक सूचना. मित्राचा हक्क मित्रापाशीच राहू द्यावा. आजोबांना त्यांचे दोस्त ‘मन्या’ म्हणतात, म्हणून सेवेला ठेवलेल्या मुलाने किंवा परिचारिकेने ‘मन्या’ म्हणू नये. आणि “चला बाळ, आऽऽ करा” अशी बाळबोलीही वापरू नये. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांशी अशा लाडिक भाषेत बोलले की ते अंघोळ-जेवणाला अधिक विरोध करतात, असे अमेरिकेतील वृद्धाश्रमांत झालेल्या पाहणीत आढळले आहे. स्मृतिभ्रंशात बालपणीचे नाव कधी उपयोगी पडते, हे वर सांगितलेच. पण तेही घरच्या जवळच्या माणसाने, हलक्या आवाजात, समोर येऊन घ्यावे. लक्ष वेधण्यापुरते घ्यावे आणि पुढचे बोलणे ‘अहो’नेच करावे.

शक्य असेल तर एक लहान पुठ्ठा करून औषधांच्या डब्यात ठेवा. त्यावर तीनच ओळी लिहा. यांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. ती कोणी मारावी. आणि कोणते नाव घेऊ नये. रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली तर तो पुठ्ठा परिचारिकेच्या हाती द्या. अनोळखी खोलीत, रात्रीच्या वेळी, घाबरलेल्या वृद्धाला ओळखीची हाक पुष्कळ आधार देते. हा पुठ्ठा तो माणूस धडधाकट असतानाच, त्यालाच विचारून लिहिलेला बरा. आणि पाच-सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे, कारण देह बदलतो.

रेडिओ आता पुन्हा टपरीवर जातात. मित्रांनी जुने नाव सोडले आहे, पण जिभेची सवय जुनी. कधी कोणाच्या तोंडून निसटतेच. मागल्या जत्रेच्या दिवसांत मी तेथे चहा घेत असताना मास्तरांच्या तोंडून तसे निसटले. सारे चपापले. त्यांनी डावा हात उचलला, हवेतच एक अदृश्य बटण उलटे पिळले आणि मास्तरांच्या तोंडाकडे बोट दाखविले. अर्थ सरळ होता, तुझाच रेडिओ बंद कर. टपरी हसली, तेही हसले, आणि हे हसू त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचलेले मी पाहिले.

मी मात्र अजून त्यांना ‘राव’ लावूनच हाक मारतो. दुसरी चिठ्ठी माझ्यासाठी नव्हती.